सॉफ्टवेअरचा रिन्युअल कोट: दरवाढ, कॅप आणि नोटिशीची मुदत

सॉफ्टवेअरच्या चालू सबस्क्रिप्शनची मुदत संपत आली की विक्रेता पुढच्या मुदतीसाठी जे दरपत्रक पाठवतो, त्याला रिन्युअल कोट म्हणतात. दिसायला ते साध्या कोटेशनसारखेच असते: वस्तूचे नाव, युजरची संख्या, दर, सवलत, बेरीज. पण ते एकटे वाचून काहीच कळत नाही. बहुतेक व्यावसायिक करारांत सबस्क्रिप्शन आपोआप पुढे चालू राहण्याची तरतूद असते. म्हणून कोट हातात आल्यावर पहिला प्रश्न ‘हा भाव महाग आहे का’ हा नसतो. आपण काहीच केले नाही तर जुन्या करारानुसार कोणत्या भावाने, किती युजरसाठी आणि किती काळासाठी बांधले जाऊ, हा असतो. त्या उत्तराशी कोट ताडून पाहायचा असतो.

हे उत्तर सहसा तीन कागदांत विखुरलेले असते. मुख्य करार, मागच्या खरेदीचा ऑर्डर फॉर्म आणि त्या फॉर्ममध्ये लिंक देऊन जोडलेल्या ऑनलाइन अटी. तिन्हींत विसंगती असेल तर कोणता कागद वरचढ, हे मुख्य करारात लिहिलेले असते. बहुधा ऑर्डर फॉर्म वरचढ असतो आणि घासाघीस करून मिळवलेली कॅप, म्हणजे दरवाढीची कमाल मर्यादा, हीही तिथेच, ‘विशेष अटी’च्या चौकटीत, बारीक अक्षरात सापडते. ऑर्डर फॉर्मची सही झालेली प्रत लेखा विभागाच्या फाइलमध्ये आणि मुख्य करार कायदा विभागाकडे, अशी फाटाफूट असली की कॅप असूनही कोणी ती मागत नाही.

दरवाढीचे कलम

दरवाढ तीन प्रकारे लिहितात. ठरावीक टक्के, महागाई निर्देशांकानुसार, किंवा ‘नूतनीकरणाच्या वेळी लागू असलेली लिस्ट प्राइस’, म्हणजे विक्रेत्याचा सवलतीआधीचा जाहीर दर. तिसरा प्रकार ग्राहकाला सर्वांत महाग पडू शकतो, कारण त्यात एकाच वेळी दोन गोष्टी होतात: लिस्ट प्राइस वाढलेली असते आणि मागची सवलत गळून पडते. ही वाढ काल्पनिक नाही. विक्री आणि ग्राहकसेवेचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या सेल्सफोर्सने 2023 च्या ऑगस्टमध्ये आपल्या अनेक उत्पादनांची लिस्ट प्राइस सरासरी 9 टक्क्यांनी वाढवली आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये काही आवृत्त्यांची पुन्हा सरासरी 6 टक्क्यांनी.

निर्देशांकाच्या कलमात एकाच शब्दावर सगळे अवलंबून असते. ‘महागाई दर किंवा 5 टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते’ असे लिहिले असेल तर 5 टक्के ही किमान वाढ झाली, वरची मर्यादा उरलीच नाही. ‘जे कमी असेल ते’ असेल तरच ती कॅप. अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक 2022 च्या जूनमध्ये वर्षभरात 9.1 टक्क्यांनी चढलेला होता. पहिल्या वाक्याने त्या महिन्यात 9.1 टक्के वाढ लागली असती, दुसऱ्याने 5. घाईत वाचणाऱ्याला दोन्ही वाक्ये सारखीच वाटतात, म्हणून या जागी थांबून शब्द मोठ्याने वाचावा.

‘दरवर्षी 7 टक्के’ हेही तपासून घ्यावे. तीन वर्षांचा करार स्थिर भावाने झाला असेल आणि नूतनीकरणाच्या वेळी ‘मागील मुदतीतील प्रत्येक वर्षासाठी 7 टक्के’ वाढ धरायची असेल, तर चक्रवाढीने एकदम 22.5 टक्के वाढ बसते. वर्षाला सात म्हणून मनात धरलेला आकडा आणि प्रत्यक्ष बिल यांत इतके अंतर पडते.

कॅप कशावर आणि कोणत्या अटीवर

कॅप एकूण रकमेवर आहे की प्रति युजर दरावर, आणि तो दर सवलत वजा करून आलेला निव्वळ दर आहे की लिस्ट प्राइस, हे आधी पाहावे. निव्वळ दरावरची कॅप खरी उपयोगी. लिस्ट प्राइसवर कॅप असेल तर विक्रेता सवलत कमी करून हवी तेवढी वाढ करू शकतो आणि कराराचा भंगही होत नाही.

त्यानंतर अट. ‘संख्या आणि मुदत मागच्याइतकी किंवा जास्त असल्यास’ ही शेपटी कॅपच्या कलमाला जवळजवळ नेहमी असते. सेल्सफोर्सच्या जाहीर मुख्य करारातही संख्या किंवा मुदत कमी झाली तर जुन्या प्रति युजर दराचा विचार न करता नव्याने दर लावण्याची तरतूद आहे. तीन वर्षांचा करार एका वर्षासाठी वाढवला तरी ही अट मोडते, आणि ते पुष्कळदा लक्षात येत नाही.

उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका कंपनीकडे 200 युजरची वार्षिक सबस्क्रिप्शन आहे. लिस्ट प्राइस प्रति युजर वर्षाला ₹30,000, सवलत 40 टक्के, म्हणजे निव्वळ ₹18,000 आणि एकूण ₹36,00,000. मुदत 31 मार्च 2026 ला संपते. कॅप निव्वळ दरावर 7 टक्के, संख्या आणि मुदत कमी न झाल्यास. कंपनीत माणसे कमी झाली म्हणून 180 युजरसाठी कोट मागवला. आलेल्या कोटमध्ये लिस्ट प्राइस ₹33,000, सवलत 35 टक्के, निव्वळ दर ₹21,450 आणि एकूण ₹38,61,000.

बेरजेकडे पाहिले तर वाढ 7.25 टक्के, म्हणजे कॅपच्या आसपासच. इथेच फसगत होते. प्रति युजर वाढ 19.2 टक्के आहे. 20 युजर कमी झाल्यामुळे ती बेरजेत झाकली गेली. आता काहीच न करण्याचा भाव काढू: 200 युजर, ₹18,000 वर 7 टक्के, म्हणजे ₹19,260 आणि एकूण ₹38,52,000. म्हणजे 180 युजरसाठी मागितलेली रक्कम 200 युजरच्या रकमेपेक्षा ₹9,000 ने जास्त आहे. कॅप कायम ठेवून 180 युजर मिळाले असते तर ₹34,66,800 पडले असते. खरी घासाघीस या ₹3,94,200 च्या फरकाची आहे, आणि ती करताना हाताशी एक भक्कम पर्याय आहे: 200 युजर तसेच ठेवणे. ‘संख्या 10 टक्क्यांपर्यंत कमी झाली तरी कॅप लागू राहील’ एवढे वाक्य मूळ करारात असते तर हा प्रश्न आलाच नसता. पुढच्या ऑर्डर फॉर्ममध्ये ते मागण्याची हीच वेळ.

अशा प्रत्येक कोटवर ओळीओळीने निव्वळ प्रति युजर दर काढून जुन्या दराशेजारी मांडावा. उत्पादनाचे नाव किंवा कोड बदललेला दिसला तर तिथे बोट ठेवावे. कॅप ‘त्याच उत्पादनाला’ असते, आणि नव्या नावाचे पॅकेज हे जुनेच उत्पादन आहे हे लेखी मान्य करून घेतल्याशिवाय ती तिथे टिकत नाही.

नकाराची मुदत

आपोआप नूतनीकरण थांबवायचे तर ठरावीक दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. 30, 60 आणि 90 दिवस हे नेहमीचे आकडे. वरच्या कराराला 60 दिवस असतील तर एक्सेलमध्ये शेवटची तारीख अशी निघते:

```
=DATE(2026,3,31)-60
```

उत्तर 30 जानेवारी 2026, शुक्रवार. 90 दिवस असते तर 31 डिसेंबर 2025, जेव्हा निम्मे कार्यालय सुट्टीवर असते. कोटवर छापलेल्या ‘वैधता’ तारखेचा या मुदतीशी काही संबंध नाही. कोट फेब्रुवारीच्या मध्यावर आला आणि त्यावर 27 मार्चपर्यंत वैध असे लिहिले असेल, तरी कोट हाती येईपर्यंतच नकाराचा हक्क संपून दोन आठवडे झालेले असतात. त्यामुळे कोटची वाट न पाहता नोटिशीच्या तारखेच्या निदान दोन महिने आधी कोट मागवावा.

नोटीस ‘पाठवणे’ पुरेसे की ‘पोहोचणे’ आवश्यक, हे नोटिशीच्या कलमात असते. कुरियरने पाठवलेली नोटीस तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी पोहोचली असे धरायचे असेल, तर 23 जानेवारीच्या शुक्रवारी पाठवलेली नोटीस मधला शनिवार, रविवार आणि प्रजासत्ताक दिन वगळून 29 तारखेला पोहोचली असे मानले जाईल. हाती उरतो एकच दिवस. ईमेल चालत असेल तरी करारात दिलेल्या पत्त्यावरच पाठवावी. नेहमी बोलणाऱ्या सेल्सच्या माणसाला ‘या वेळी पुढे चालू ठेवायचे नाही’ असे कळवले म्हणजे नोटीस दिली असे होत नाही. त्याने ‘बरं, बघतो’ म्हटले तरीही नाही.

कार्डावरून पैसे जाणाऱ्या छोट्या सबस्क्रिप्शनबाबत आणखी एक गैरसमज दिसतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ₹15,000 च्या वरच्या आवर्ती कार्ड-पेमेंटना साधारणपणे प्रत्येक वेळी वेगळी मंजुरी लागते आणि ती न दिल्यास पैसे जात नाहीत. पण पैसे गेले नाहीत म्हणून करार संपत नाही. बाकी रक्कम थकबाकी म्हणून उभी राहते. उलट मायक्रोसॉफ्टच्या सबस्क्रिप्शन विक्रीच्या न्यू कॉमर्स पद्धतीत नूतनीकरण झाल्यावर पहिल्या सात दिवसांत सबस्क्रिप्शन रद्द करता किंवा युजर कमी करता येतात. ती सोय अपवाद आहे, तिच्या भरवशावर दुसरे करार वाचू नयेत.

नोटीस नुसती सावधगिरी म्हणून देऊन ठेवावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. चांगली कॅप हातात असेल तर तो घातक ठरू शकतो. कॅप ‘नूतनीकरणाला’ असते. नकार दिल्यावर पुन्हा घेतले तर विक्रेता ती नवी खरेदी मानून लिस्ट प्राइस लावू शकतो. वरच्या उदाहरणात पूर्ण नकार देणे म्हणजे ₹19,260 चा हमखास दर सोडून देणे. त्याऐवजी मुदतीच्या आत ‘20 युजरपुरते नूतनीकरण नको, उरलेल्या 180 ना कॅप लागू राहावी’ असे लेखी मागावे, आणि 30 जानेवारीपर्यंत लेखी होकार आला नाही तर 200 वर आपोआप नूतनीकरण होऊ द्यायचे की पूर्ण नकार द्यायचा, हे आधीच ठरवून ठेवावे. कॅप नसेल किंवा सॉफ्टवेअर खरोखर बदलायचे असेल, तर मात्र नोटीस वेळेत गेलीच पाहिजे.

सही करण्याआधी

सही झालेला कोट हाच बहुधा नवा ऑर्डर फॉर्म बनतो. ‘हा फॉर्म आधीच्या सर्व अटींची जागा घेतो’ असे वाक्य त्यात असेल आणि कॅप पुन्हा लिहिलेली नसेल, तर पुढच्या वर्षी कॅप नाही. ‘एक वेळची सवलत’ हे शब्द दिसले तर पुढच्या वाढीचा पाया सवलतीआधीचा दर धरला जाईल.

कोट डॉलरमध्ये असेल तर कॅप डॉलरच्या दराला असते. डॉलर ₹83 वरून ₹88 वर गेला तर 7 टक्क्यांची मर्यादा पाळूनही रुपयांत 13.4 टक्के वाढ होते. 18 टक्के जीएसटी याहून वेगळा. विक्रेता परदेशी असेल तर तो रिव्हर्स चार्जने ग्राहकालाच भरावा लागतो आणि कोटवर तो दिसतच नाही. करांची ‘ग्रॉस-अप’ अट, म्हणजे कर कापूनही विक्रेत्याला पूर्ण रक्कम मिळालीच पाहिजे अशी अट, असेल तर इथे कापलेला टीडीएसही ग्राहकाच्याच खिशातून जातो, म्हणून बजेटचा आकडा कोटच्या बेरजेवरून न धरता या सगळ्यासकट लेखा विभागाकडून काढून घ्यावा.