रातपाळीनंतर कोणती पाळी?

सकाळी सातला रातपाळी सुटते. कामगार साडेसातच्या बसने घरी येतो, नऊला पडदे ओढून झोपतो आणि दुपारी एकला टक्क जागा होतो. घर शांत, अंग थकलेलं, तरी झोप चार तासांत संपलेली. घरचे म्हणतात, उन्हामुळे किंवा आवाजामुळे असेल. पण त्याला जागं करणारं घड्याळ त्याच्या मेंदूतच आहे.

दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका असतो. तेच हे घड्याळ. झोप दोन गोष्टींवर चालते: साठलेल्या जागरणावर आणि या घड्याळावर. रात्री झोपलं की पहाटेपर्यंत जागरणाचा साठा बराचसा उतरतो, पण घड्याळ झोप धरून ठेवतं. दिवसा साठा उतरला की धरून ठेवणारं कोणीच नसतं. उलट शरीराचं तापमान चढत असतं आणि घड्याळ उठवत असतं.

मग आठवडाभर रात्री जागून घड्याळ फिरत का नाही? शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वात कमी असतं. त्याआधी डोळ्यांवर पडलेला प्रकाश घड्याळ मागे ढकलतो, म्हणजे झोपेची वेळ उशिरावर नेतो; त्यानंतरचा पुढे ओढतो, म्हणजे ती लवकर आणतो. बसच्या खिडकीतून येणारं साडेसातचं ऊन या कामगाराच्या घड्याळाला सांगतं, ‘रोजचीच सकाळ आहे.’ कारखान्यातल्या दिव्यांनी रात्रभर जे थोडं सरकवलं, ते ऊन पुसून टाकतं. एरवीही घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं. आठ तासांचा फरक भरून निघेपर्यंत फलकावर नवी पाळी लागलेली असते.

म्हणून पहाटे चारला तो यंत्रापाशी उभा असला, तरी त्याच्या मेंदूची मध्यरात्रच असते. मापक दोनदा वाचावा लागतो. उघड्या डोळ्यांनी काही सेकंदांची डुलकी लागते, आणि ती लागली हे त्याचं त्यालाही कळत नाही. घरी आल्यावरची चिडचिड हा स्वभावाचा दोष नव्हे; ती अपुऱ्या झोपेची आणि चुकलेल्या वेळेची असते.

पाळ्या कोणत्या दिशेने फिरतात, यानेही फरक पडतो. माणसाच्या घड्याळाचा स्वतःचा दिवस सरासरी 24 तासांपेक्षा काही मिनिटं मोठा असतो. त्यामुळे उशिरा झोपणं सोपं आणि लवकर झोपणं अवघड. पहिली, दुसरी, मग रात्र हा क्रम त्याला मानवतो. रात्र, दुसरी, पहिली हा उलटा जातो. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात पाळ्या दर आठवड्याला अशाच उलट्या फिरत. त्या सुलट केल्या आणि तीन आठवड्यांनी बदलू लागल्या, तेव्हा कामगारांचं समाधान आणि उत्पादन दोन्ही वाढलं, असं 1982 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. मात्र दिशा आणि वेग एकदमच बदलल्याने श्रेय नेमकं कुणाचं, हे त्यातून ठरत नाही.

सलग बऱ्याच रात्री असतील तर घरी येताना काळा चष्मा उपयोगी पडतो, पण बसमध्येच. दुचाकीवर झोपाळलेल्या माणसाने तो लावणं धोक्याचं. आणि दोन-तीनच रात्री असतील तर चष्मा नकोच. तेवढ्यासाठी घड्याळ हलवलं, तर ते पुन्हा जागेवर आणायला सुट्टीचे दिवस जातात.