भूतकाळाचे तीन आवाज

चहा, चाक, चोर, चंद्र. चारही शब्दांचं पहिलं अक्षर च आहे, पण एका शब्दात त्याचा उच्चार वेगळा आहे. कोणत्या?

मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हा प्रश्न पडत नाही. चंद्रातला च म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूला लागतो, बाकी तिघांत जीभ पुढे दातांच्या मागे जाते. ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवलेली नसते. आपण शब्द मनात म्हणून पाहतो आणि कानाला खटकतो तो बाजूला काढतो.

इंग्रजीच्या परीक्षेत हाच प्रश्न आला की मात्र आपण कान बंद करतो आणि डोळे उघडतो. चार शब्द दिलेले असतात, प्रत्येकातली काही अक्षरं अधोरेखित असतात, आणि ज्याचा उच्चार वेगळा तो शब्द ओळखायचा असतो. जपानमध्ये विद्यापीठ प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेत २०२० पर्यंत असे प्रश्न असत. आपल्याकडेही स्पर्धा परीक्षांच्या सरावपुस्तकांत ते भेटतात. गेल्या महिन्यात माझी भाची असंच एक पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. वॉच, लाफ, रेझ आणि मिस या चार क्रियापदांची भूतकाळी रूपं दिली होती आणि शेवटची ई आणि डी ही दोन अक्षरं अधोरेखित होती. तिने लाफवर खूण केली होती. कारण विचारलं तर म्हणाली, "मावशी, त्यात जी-एच आहे ना, तेच विचित्र दिसतंय." उत्तर होतं रेझ.

चूक कुठे झाली हे नीट बघण्यासारखं आहे, कारण शब्दाच्या शेवटच्या या दोन अक्षरांत इंग्रजी लेखनाचा एक मोठा पेच सापडतो. त्यातली ई बहुतेक वेळा मुकी असते, आणि डी लिहिलेली एकच असली तरी तिचे आवाज दोन होतात. ई बोलू लागली की तिसरा तयार होतो. वॉकचं भूतकाळी रूप उच्चारात वॉक्ट होतं, प्लेचं प्लेड होतं, आणि वाँटचं वाँटिड. आपल्यापैकी बरेच जण वॉक्ड म्हणतात, काही जण वॉकेड म्हणतात, कारण लिहिलंय तसं वाचायची देवनागरीने लावलेली सवय.

कुठे ट आणि कुठे ड, हे ठरतं गळ्यात. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. ते जवळ आले आणि फुप्फुसातली हवा त्यांच्यामधून गेली की ते थरथरतात. सर्वसाधारण बोलण्यात पुरुषांच्या गळ्यात ही थरथर सेकंदाला १०० ते १२५ वेळा आणि स्त्रियांच्या गळ्यात २००च्या आसपास होते. ग, ज, ड, द, ब म्हणताना तंतू थरथरतात. क, च, ट, त, प म्हणताना थांबतात. शाळेच्या व्याकरणात आपण यांना मृदू आणि कठोर व्यंजनं म्हणून शिकलो. एखाद्या क्रियापदाच्या मूळ रूपाचा शेवटचा ध्वनी कठोर असेल, तर त्याला चिकटणारी डीसुद्धा कठोर होते, म्हणजे ट. शेवटचा ध्वनी मृदू असेल किंवा स्वर असेल, तर डी मृदूच राहते. दोन व्यंजनं एकाला एक जोडून म्हणायची असताना मध्येच थरथर बंद-चालू करणं गळ्याला नकोसं असतं, एवढंच याचं कारण.

हे आपल्याला नवं नाही. वाक् आणि ईश एकत्र आले की वागीश होतं, विपद् आणि काल जोडले की विपत्काल होतो. तीच ओढाताण. फरक दिशेचा आहे. संस्कृत संधीत पुढचा ध्वनी मागच्याला आपल्यासारखं करून घेतो, तर इंग्रजीच्या भूतकाळात मागचा ध्वनी पुढच्याला वळवतो. आणि दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो: संस्कृतात झालेला बदल लिहिला जातो. वागीश लिहिताना आपण ग लिहितो. इंग्रजीत बदल गळ्यात होतो, कागदावर डी तशीच राहते. प्रश्नपत्रिकेतला सापळा नेमका इथे लावलेला असतो.

आता भाचीचा प्रश्न सोडवू. शेवटची दोन अक्षरं झाकायची आणि उरलेलं क्रियापद मोठ्याने म्हणायचं. वॉचच्या शेवटी च् आहे, कठोर. लाफच्या शेवटी लिहिलंय जी-एच, पण ऐकू येतो फ्, तोही कठोर. मिसच्या शेवटी स्, कठोर. रेझच्या स्पेलिंगमध्ये मिससारखंच एस आहे, पण तोंडातून निघतो तो जहाजातल्या ज सारखा ध्वनी, आणि तो मृदू आहे. म्हणून तिघांना ट लागतो आणि रेझला ड. जी-एच हे नुसतं आमिष होतं. खरी गोम साध्या दिसणाऱ्या एसमध्ये होती.

थरथर पकडायला गळ्यावर बोट ठेवायचं असं सांगतात. ते बरोबर आहे, पण मराठी माणसाची त्यात एक गडबड होते. भाचीने गळ्यावर बोट ठेवलं, क म्हणाली, आणि म्हणाली की थरथरतंय. थरथरणारच, कारण आपण क म्हणतो तेव्हा त्यात अ मिसळलेला असतो आणि ती थरथर त्या अ ची असते. म्हणून सुरुवात लांबवता येणाऱ्या ध्वनींनी करावी. सापासारखा स्स्स करायचा आणि श्वास न तोडता त्याचा मधमाशीसारखा गुणगुणता आवाज करायचा. बोटाखाली थरथर सुरू झाल्याचं लगेच कळतं. दोन्ही कान तळव्यांनी घट्ट बंद केले तर याहून स्पष्ट कळतं, सगळ्या डोक्यात घुमतं.

बोलणारा इंग्रज असेल तर आणखी एक खूण कामाला येते. शब्दाच्या अगदी शेवटी आलेल्या ड मध्ये इंग्रज लोक थरथर फारशी टिकवत नाहीत, तो अर्धाअधिक विझूनच जातो. तरीही ऐकणारा फसत नाही, कारण कठोर ध्वनीच्या आधीचा स्वर तोकडा होतो आणि मृदू ध्वनीच्या आधीचा लांबतो. रेस म्हणजे शर्यत, तिचं भूतकाळी रूप आणि रेझचं भूतकाळी रूप एखाद्या शब्दकोशाच्या संकेतस्थळावर पाठोपाठ ऐकून पाहा. दुसऱ्यातला ए चांगलाच ताणलेला आहे. भाचीला शेवटचे ट-ड ओळखता येईनात, पण हा लांब-आखूड फरक तिने तिसऱ्या वेळी पकडला.

उरला तिसरा आवाज. वाँट आणि नीड यांच्या शेवटी आधीच ट किंवा ड आहे. त्याला आणखी एक ट किंवा ड चिकटवला तर दोन्ही एकाच जागी आदळतात आणि ऐकणाऱ्याला भूतकाळ झाला की नाही हे कळत नाही. म्हणून मध्ये एक छोटा स्वर येतो, मुकी ई बोलू लागते, वाँटिड आणि नीडिड होतं.

हे नियम इंग्रजी मुलं पाठ करतात का? १९५८ साली अमेरिकेतल्या भाषा-अभ्यासक जीन बर्को यांनी चार ते सात वर्षांच्या मुलांना भाषेत नसलेली क्रियापदं दिली. चित्र दाखवून सांगायचं की हा माणूस रिक करतोय, कालही त्याने तेच केलं, काल त्याने काय केलं? मुलं रिक्ट म्हणाली, म्हणजे ट लावला. बिंग या बनावट क्रियापदाला त्यांनी ड लावला. आधी कधी न ऐकलेल्या शब्दालाही योग्य आवाज लागला, म्हणजे नियम त्यांच्या गळ्यात बसला होता. पण मॉट आणि बॉड या क्रियापदांशी बरीच मुलं अडखळली आणि ती तशीच ठेवून मोकळी झाली. शेवटी ट किंवा ड ऐकू आला की त्यांना भूतकाळ झाल्यासारखाच वाटत होता. मधला स्वर सगळ्यात उशिरा येतो.

गंमत अशी की इतिहासात क्रम उलटा आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ही ई सर्रास बोलली जायची, वॉकचं भूतकाळी रूप दोन ठसठशीत ठोक्यांत म्हटलं जायचं. पुढे बोलण्यातून ती गळत गेली. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'चे लेखक जोनाथन स्विफ्ट यांना हे मुळीच आवडलं नव्हतं. १७१२ साली अर्ल ऑफ ऑक्सफर्ड यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात त्यांनी असे ई गाळलेले शब्द उदाहरणादाखल दिले आणि ते कानाला कर्कश वाटतात अशी तक्रार केली. तक्रारीचा उपयोग झाला नाही. ई बोलण्यातून गेली, लेखनात राहिली. इंग्रजीतली सगळीच मुकी अक्षरं अशी नाहीत. कर्ज या अर्थाच्या डेट शब्दातला बी इंग्रजीत कधीच बोलला गेला नव्हता. मूळ लॅटिन शब्दाची आठवण म्हणून पंडितांनी तो नंतर घुसवला. भूतकाळातली ई मात्र एके काळी खरोखर बोलत होती.

म्हणूनच काही शब्दांत ती अजून बोलते. विकिड म्हणजे दुष्ट, नेकिड म्हणजे नग्न, रॅगिड म्हणजे फाटकातुटका. ही विशेषणं आहेत, आणि त्यांच्यात ट-ड चा वरचा नियम लावायला गेलं की उत्तर चुकतं. बेक, लुक, लाइक यांची भूतकाळी रूपं आणि चौथा नेकिड असा प्रश्न आला, तर झाकलेल्या भागात चारही ठिकाणी क् च मिळतो आणि मुलं गोंधळतात. आधी विचारायचं, हे क्रियापदाचं रूप आहे का? नेकिड नाही. तोच वेगळा.

काही शब्द तर दोन्ही घरांत राहतात. एज म्हणजे वय. वयाचा आकडा सांगताना त्याचं रूप एज्ड होतं, पण वृद्ध माणूस या अर्थाने विशेषण म्हणून एजिड. लर्न क्रियापदाचं रूप लर्न्ड किंवा लर्न्ट, पण विद्वान या अर्थाने लर्निड. ब्लेसचंही तसंच. हे शब्द वाक्याशिवाय सुटे दिले तर प्रश्नाला एक ठाम उत्तर उरत नाही, आणि मग चूक प्रश्न काढणाऱ्याची असते, मुलाची नाही. भाचीच्या पुस्तकात पुढच्याच पानावर कॉल, प्ले, लर्न आणि क्लीन यांची भूतकाळी रूपं होती आणि मागे उत्तर दिलं होतं लर्न. तिने चारही शब्द कान बंद करून दोनदा म्हटले आणि पेन्सिलने बाजूला लिहिलं, "वाक्य कुठे आहे?"