शिवी-फिल्टर आणि निर्दोष शब्द

शिव्या आपोआप रोखणारा फिल्टर साध्या शब्दालाही शिवी समजून अडवतो, त्या चुकीला ‘स्कंथॉर्प समस्या’ म्हणतात. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कंथॉर्पच्या रहिवाशांना अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवेवर खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावातच एक इंग्रजी शिवी दडली होती. रोमन लिपीत `surakshit`, `apekshit` किंवा `Dikshit` लिहिणाऱ्या मराठी माणसाच्या वाट्यालाही हेच येते. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे न पाहता नुसती अक्षरे जुळवली, की असे होते.

देवनागरीत याचे नेमके उदाहरण म्हणजे गांडूळ. समजा, परभणीकडच्या एका शेतकऱ्याने ‘गांडूळ खत मिळेल, ४० किलोची गोणी’ अशी जाहिरात टाकली. शेवटचा ‘ळ’ सोडला तर मागे शिवीच उरते, म्हणून जाहिरात अडते. यावर पहिला उपाय सुचतो तो शब्दाची सीमा तपासण्याचा. पायथनमध्ये त्यासाठी `\b` वापरतात, पण मराठीत तो उलटाच फसतो. पायथनचे मूळ `re` मॉड्यूल अक्षर, अंक आणि `_` यांनाच शब्दाचा भाग मानते, काना-मात्रा-उकारांना नाही. त्यामुळे ‘डू’मधला उकार आणि ‘ळ’ यांच्यामध्ये त्याला सीमा दिसते आणि गांडूळ पकडला जातो. खरी शिवी एकटी आली, तर उकारापुढे मोकळी जागा असते. दोन्हीही शब्दाबाहेरचे, म्हणून सीमा नाही, आणि शिवी बिनबोभाट निसटते.

पुढे-मागे देवनागरी चिन्ह नसावे अशी अट घातली, तर गांडूळ सुटतो. पण मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून येतात, त्यामुळे -ला, -ने, -चा लागलेली शिवीही सुटते. म्हणून इथे सीमेपेक्षा अपवाद जास्त उपयोगी पडतो:

```python
juna = r"\b" + shivi + r"\b"
nava = shivi + r"(?!ळ)"
```

दुसऱ्या ओळीचा अर्थ असा की शिवीपुढे ‘ळ’ नसेल तरच पकडायचे. अनेकवचनात उकार ऱ्हस्व होतो (गांडुळे, गांडुळांचे), म्हणून शिवीचे ऱ्हस्व रूपही यादीत असेल, तर त्यालाही हाच अपवाद हवा. यादीत याच मुळातली आखूड शिवी असेल, तर अर्जुनाचे गांडीवही असेच अडू शकते, त्याचा अपवाद वेगळा लिहावा लागतो.

‘ळ’ऐवजी ‘ल’ टाइप करणाऱ्यांपुढे मात्र हा नियम तोकडा पडतो. ‘गांडूल खत’ सोडायचे, तर ‘ल’चाही अपवाद करावा लागेल, आणि मग -ला प्रत्यय लागलेली शिवी निसटेल. तिथे पुढचा शब्द पाहावा लागतो: खत, शेणखत, गोणी असे काही जवळ असेल तर मजकूर थेट न अडवता माणसाकडे तपासणीला पाठवतात. नियम बदलला, की शेतीच्या खऱ्या जाहिराती आणि खऱ्या शिव्या अशा दोन याद्यांवर तो पुन्हा चालवून पाहतात. पहिल्या यादीतले किती अडले आणि दुसरीतले किती सुटले, हे दोन्ही आकडे सोबत पाहिल्याशिवाय बदल पक्का करत नाहीत.