पाटीचा फोटो आला, प्रश्न आला नाही

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५. दुपारी पावणेचारच्या सुमारास फ्रँकफर्टहून भाच्याचा फोटो आला. तिकडे सव्वाअकरा वाजत होते. फोटोत एका खांबावरची छोटी पांढरी पाटी होती आणि तिच्यावर जर्मनमध्ये एवढंच: ‘वेर्कटाग्स ८–१८’. सोबत ना प्रश्न, ना ‘मावशी, हे बघ ना’. मी पुण्यात वर्षानुवर्षं जर्मन शिकवते, त्यामुळे असे फोटो मला नेहमी येतात. मी लगेच लिहिलं, ‘कामाच्या दिवशी सकाळी ८ ते संध्याकाळी ६.’ त्याने अंगठा दाखवला. तीन तासांनी त्याचा फोन आला, तेव्हा गाडीच्या वायपरखाली दंडाची चिठ्ठी होती.

भाषांतराला कुठल्याही शिक्षकाने पूर्ण गुण दिले असते. तरी चूक माझीच होती, आणि ती नेमकी कुठे झाली हे शोधताना मला पाटी नावाच्या गोष्टीबद्दल बरंच काही नव्याने कळलं.

आधी त्या खांबावर काय काय होतं ते पाहू. सगळ्यात वर निळ्या चौकोनात पांढरा ‘पी’, म्हणजे पार्किंग. त्याखाली पार्किंग-चकतीचं, म्हणजे आल्याची वेळ लावून गाडीच्या काचेमागे ठेवायच्या निळ्या चकतीचं, चित्र आणि ‘२ तास’. सगळ्यात खाली वेळेची पाटी. भाच्याला ‘पी’ ओळखीचा होता, चकतीचं चित्रही त्याने आधी पाहिलेलं होतं. अडलं ते एका शब्दापाशी, म्हणून त्याने तेवढीच पाटी कॅमेऱ्यात घेतली. जर्मन नियमानुसार अशी जोडपाटी तिच्या लगेच वरच्या चिन्हाबद्दल बोलते. वरचं चिन्ह कापलं की खालच्या वेळेला आधारच उरत नाही. त्या वेळेत गाडी लावायची की लावायची नाही, एवढंसुद्धा एकट्या पाटीवरून सांगता येत नाही. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

आता तो शब्द. ‘वेर्कटाग’चे दोन तुकडे केले तर काम आणि दिवस हेच निघतात, म्हणून ‘कामाचा दिवस’ सहज सुचतं. मराठी वाचक मात्र ‘कामाचा दिवस’ म्हटल्यावर आपल्या कामाचा आठवडा डोळ्यांपुढे आणतो. भाच्याच्या ऑफिसला शनिवारी सुट्टी असते, तेव्हा त्याच्या दृष्टीने आज कामाचा दिवस नव्हताच. जर्मन कायद्यात ‘वेर्कटाग’ हा शब्द रविवार आणि सार्वजनिक सुट्टी यांच्या विरुद्ध उभा आहे. जो दिवस रविवार नाही आणि सुट्टीही नाही, तो वेर्कटाग. त्यात शनिवार येतो. ऑफिस ज्या दिवशी चालतं त्या दिवसासाठी जर्मनमध्ये वेगळा शब्द आहे, ‘आर्बाइट्सटाग’, आणि तो पाटीवर नव्हता. मी ‘रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या सोडून रोज’ असं लिहिलं असतं, तर मूळ शब्दापासून ते दूर गेलं असतं, पण पाटीच्या जवळ आलं असतं.

गोष्ट इथे संपत नाही, कारण त्या दिवशी १ नोव्हेंबर होता. हा सर्व संतांचा सण. जर्मनीत सणाच्या बहुतेक सुट्ट्या त्या त्या राज्याच्या कायद्याने ठरतात. बव्हेरियात आणि बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. फ्रँकफर्ट ज्या हेसे राज्यात आहे तिथे नसते. म्हणजे त्या शनिवारी हीच पाटी बव्हेरियातल्या म्युनिकमध्ये असती, तर दोन तासांची अट लागूच झाली नसती, चकती न ठेवताही गाडी तिथे राहिली असती. फ्रँकफर्टमध्ये अट पूर्ण लागू होती. रंग तोच, शब्द तेच, तारीख तीच, आणि तरी दोन शहरांत दोन उत्तरं. भाच्याला बाडेन-व्युर्टेंबर्गमधल्या स्टुटगार्टच्या मित्राने सकाळीच ‘आज सुट्टी आहे’ म्हणून सांगितलं होतं. मित्राच्या गावी ते खरं होतं.

जर्मन मानसशास्त्रज्ञ आणि भाषाभ्यासक कार्ल ब्यूलर यांनी १९३४ साली भाषेतल्या अशा शब्दांचा सविस्तर विचार मांडला, ज्यांचा अर्थ बोलणारा कुठे उभा आहे यावर ठरतो. ‘इथे’, ‘आत्ता’, ‘मी’. ‘इथे थुंकू नये’ या पाटीतला ‘इथे’ कोशात सापडतो, पण कुठली भिंत ते कोश सांगत नाही. ते पाटी ज्या भिंतीला ठोकली आहे ती भिंतच सांगते. पुढे २००३ साली रॉन स्कॉलन आणि सुझी वाँग स्कॉलन या भाषाशास्त्रज्ञ दांपत्याने सार्वजनिक जागेतल्या पाट्यांचा याच अंगाने अभ्यास मांडला. पाटी कुठे लावली आहे, हा तिच्या अर्थाचाच भाग आहे, असं त्यांचं म्हणणं. पटायला सोपं आहे: गोदामात रचून ठेवलेल्या ‘प्रवेश बंद’च्या शंभर पाट्या कुणालाच अडवत नाहीत. त्यातली एक रस्त्याच्या तोंडाशी रोवली की लगेच ती बोलू लागते.

फोटो काढताना आपण हेच उलट करतो. रोवलेली पाटी उपटून हातात घेतो आणि दुसऱ्या गावच्या माणसाला दाखवतो. शब्द शाबूत राहतात. जागा, वार, खांबावरचा शेजार आणि बघणाऱ्याची अडचण मागेच राहते. जर्मनीत तर काही पार्किंगचे विभाग असे असतात की नियमाची पाटी विभागात शिरतानाच एकदा लावलेली असते आणि ती आतल्या सगळ्या गल्ल्यांना लागू होते. तुमच्या गाडीपाशी खांबच नसतो. जी पाटी समोर नाही तिचा फोटो कोण काढणार?

आता दुसरी बाजू, पाठवणाऱ्याची. नुसता फोटो पाठवणारा माणूस तीनपैकी एक गोष्ट विचारत असतो. यात लिहिलंय काय? हे चिन्ह आहे कशाबद्दल? मी आत्ता इथे काय करू? पहिल्याला भाषांतर लागतं, दुसऱ्याला अर्थ, तिसऱ्याला नियम. ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत दाखवलं की समोरचा माणूस संवादाला साजेसंच काहीतरी करतो आहे असं आपण गृहीत धरतो, आणि न बोललेला भाग त्या आधारावर भरून काढतो. फोटोच्या बाबतीत आपण नकळत तेच करतो. अडचण इतकीच की रिकामी जागा आपण आपल्याला जे येतं त्याने भरतो. मी भाषेची बाई, मला भाषांतराचा प्रश्न दिसला. माझ्या जागी तिथे रोज गाडी चालवणारा कुणी असता, तर त्याने त्याच फोटोवर विचारलं असतं, ‘चकती लावलीस का?’

खरा प्रश्न कोणता याच्या खुणा बहुतेक वेळा फोटोतच असतात. एकाच शब्दावर कॅमेरा रोखला असेल तर तो शब्द कळलेला नाही. निव्वळ चिन्ह असेल, उदाहरणार्थ लाल कडेचं आतून कोरं वर्तुळ, तर विचारणाऱ्याला अर्थ हवा आहे. (सगळ्या वाहनांना बंदी, असा तो अर्थ.) चौकटीच्या कोपऱ्यात स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत असेल, किंवा फोटो काढल्याकाढल्या पाठवला असेल, तर माणूस निर्णयापाशी अडला आहे आणि त्याला नियम हवा आहे. संध्याकाळी घरी जाऊन सहलीच्या दहा फोटोंबरोबर तोच फोटो आला तर ती बहुधा गंमत असते. पाठवणारा त्या देशात किती दिवस राहिला आहे तेही बघावं. भाच्याला तिथे तीन वर्षं झाली होती. रोजची जर्मन त्याला येते. त्याने घाईघाईने एक फोटो पाठवला याचा अर्थ तो इंजिन चालू ठेवून बसला होता, हे मला थोड्या विचाराने कळलं असतं.

या खुणा फसवूही शकतात. भाच्याच्या फोटोत एक खूण भाषांतराकडे बोट दाखवत होती आणि दुसरी नियमाकडे. अशा वेळी मी आता नियमाचा पक्ष घेते. कारण चुकीची किंमत सारखी नसते. ज्याला फक्त शब्द हवा होता त्याला नियम सांगितला तर चार ओळी जास्त वाचाव्या लागतात. ज्याला नियम हवा होता त्याला फक्त शब्द दिला तर जर्मनीत चकतीच्या चुकीचा दंड २० युरोंपासून सुरू होतो. पण नियम सांगायचा तर जागा आणि वार माहीत हवेत, आणि तेच फोटोत नसतात. म्हणून उत्तर देण्याआधी एकच प्रश्न: ‘गाडीत आहेस का? पूर्ण खांब दाखव.’

त्या दिवशी हे विचारलं असतं तर उत्तर असं झालं असतं. आज शनिवार, हेसेमध्ये सुट्टी नाही, म्हणून संध्याकाळी सहापर्यंत दोन तासांची अट आहे. निळी चकती काचेमागे बाहेरून दिसेल अशी ठेव. तिच्यावर आल्याची वेळ लावायची, पण काटा पुढच्या अर्ध्या तासाच्या रेघेवर न्यायचा, असं कायदाच सांगतो. तू ११ वाजून १२ मिनिटांनी आलास, तर काटा साडेअकरावर. दोन तास तिथून मोजले जातात, म्हणजे दीडपर्यंत गाडी ठेवता येईल, तुला अठरा मिनिटं वर मिळाली. सहानंतर चकतीची गरज नाही, गाडी रात्रभर राहिली तरी चालेल. यातला अर्ध्या तासाच्या रेघेचा नियम खांबावर कुठेच लिहिलेला नव्हता. पाटी फक्त चकतीचं चित्र दाखवते आणि बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे असं समजते.

डिसेंबरात भाचा पुण्यात आला. ३१ तारखेच्या रात्री त्याचा फोटो आला, पुन्हा नुसताच: ‘पी१’ असं लिहिलेली पाटी. भाषांतर करायला त्यात शब्दच नव्हता. या वेळी कोपऱ्यात माझ्याच गाडीचा आरसा दिसत होता, म्हणून मी सरळ नियम लिहिला. पी१च्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, पी२च्या बाजूला सम तारखेला. आज ३१ म्हणजे विषम, उद्या १ म्हणजे तीही विषम. एरवी रात्री लावलेली गाडी दुसऱ्या दिवशी समोरच्या बाजूला न्यावी लागते, आज नाही. दोन तारखेला मात्र हलव.