“नैसर्गिक आहे म्हणून योग्य”: हा दोष आला कुठून

एथिक्सच्या पेपरात “आहे” आणि “असायला हवं” यातला फरक विचारला की पोरं व्याख्या बरोबर लिहितात, गाडी अडते ती पुढच्या केस स्टडीत. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि मराठीत लिहिलेली उत्तरं माझ्यासारख्यांकडे तपासायला यायला लागली, तेव्हापासून बघतोय, घोळ नेहमी “म्हणून” या एका शब्दापाशी होतो.

मूळ गोष्ट १७४० ची. एका स्कॉटिश तत्त्वज्ञाने लिहून ठेवलं की नीतीवरची पुस्तकं वाचताना लेखक “असं आहे, तसं आहे” सांगत असतो आणि मधेच कधी “असं करावं” वर येतो ते कळतच नाही, ही उडी कशी मारली ते तरी सांगा. एवढंच. निसर्गाबद्दल त्यात काही नाही. निसर्गाचा समाचार घेणारा निबंध १८७४ मध्ये एका इंग्रज विचारवंताच्या मृत्यूनंतर छापला गेला, त्याचा मुद्दा असा की माणसाला ज्या कृत्यांसाठी फाशी देतात ती निसर्ग रोजच्या रोज करतो, मग त्याचा कित्ता गिरवायचा कशाला?

आता खरा गुंता. १९०३ मध्ये केंब्रिजच्या एकाने “नॅचरलिस्टिक फॅलसी” हे नाव रूढ केलं आणि तेव्हापासून नोट्सवाले ते नाव सर्रास “नैसर्गिक म्हणून चांगलं” या दोषाला चिकटवतात. त्याचं म्हणणं वेगळं होतं. “चांगलं” या शब्दाची व्याख्या दुसऱ्या कुठल्या गुणात करता येत नाही, हे त्याला सांगायचं होतं. कोणी म्हणालं “सुखद म्हणजेच चांगलं”, तरी “हे सुखद आहे, पण चांगलं आहे का?” हा प्रश्न उरतोच आणि तो वेडगळ वाटत नाही. म्हणजे जंगल, प्राणी, शरीर काहीही मधे न आणता हा दोष घडू शकतो. त्याच पुस्तकात त्याने “निसर्गाप्रमाणे जगा” वाल्यांनाही झोडपलंय, बहुतेक तिथूनच सरमिसळ झाली असावी. उत्तरात निसर्गाचा दाखला हा दोष दाखवायचा असेल तर सरळ “अपील टू नेचर” लिहा, १९०३ चं नाव तिथे टाकलं की तपासणाऱ्याला कळतं की हे नोट्समधून उचललंय. मी स्वतः एका टेस्ट सिरीजमध्ये यावर मार्क घालवलेत आणि वर वादही घातलाय, चूक माझीच होती.

मराठीत अजून एक पाचर आहे. “धर्म” हा शब्द घ्या. जाळणं हा अग्नीचा धर्म आणि शेजारधर्म पाळणं हाही धर्मच. पहिला गुण सांगतो, दुसरा कर्तव्य. “विकृती” तर वर्णन करता करताच निकाल देऊन मोकळी होते.

आपल्याकडे हा दोष कायद्यातच जाऊन बसला होता. १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ “निसर्गक्रमाविरुद्ध” संबंधांना गुन्हा ठरवायचं. २००९ मध्ये दिल्लीच्या हायकोर्टाने प्रौढांच्या संमतीच्या खाजगी संबंधांपुरतं ते रद्द केलं, २०१३ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला (माझ्या मते तो निकाल चुकलाच) आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी असे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले.

यावर प्रश्न आला की हमखास एक वाक्य सापडतं: “समलैंगिकता अनेक प्राण्यांतही आढळते, म्हणून ती योग्य आहे.” बाजू पुरोगामी, पण दोष तोच, फक्त उलटा घातलेला सदरा. प्राण्यांत पिल्लं मारणंही आढळतं, मग तेही योग्य का? प्राण्यांचा दाखला एकाच कामाचा आहे: समोरचा म्हणतो “हे निसर्गात नसतंच”, ती माहिती चूक आहे हे त्याने दाखवता येतं. योग्य-अयोग्य अजून बाकीच राहतं.

दुरुस्तीला फार लागत नाही. असं लिहायचं: “असे संबंध निसर्गात आढळतात, त्यामुळे ‘अनैसर्गिक’ हा दावा तथ्य म्हणून टिकत नाही. पण ते आढळले नसते तरी फरक पडला नसता. दोन प्रौढांच्या संमतीत तिसऱ्याची हानी नसेल तर त्यांचं खाजगी आयुष्य आणि प्रतिष्ठा राज्याने जपली पाहिजे, हे मूल्य आपण मानतो, म्हणून त्यांना शिक्षा देणं चूक.” इथे “म्हणून” च्या आधी एक तथ्य आहे आणि एक उघडपणे मांडलेलं मूल्य आहे. २०१८ चा निकालही शेवटी समता, खाजगीपणा आणि प्रतिष्ठा यांवरच उभा आहे. मूल्याचं ते वाक्य नसलं की मी “म्हणून” ला लाल गोल करतो आणि बाजूला लिहितो, “मधली पायरी?”