दोष दायित्व कालावधी (यंत्रखरेदीतील)

यंत्र ताब्यात आल्यानंतर त्यात आढळणारे दोष पुरवठादाराने स्वखर्चाने दूर करून द्यावेत, यासाठी करारात ठरवलेली मुदत. लघुउद्योगांच्या पर्चेस ऑर्डरमध्ये ती बहुधा ‘वॉरंटी’ या मथळ्याखाली एका ओळीत उरकलेली असते. व्यवहारात दोन्ही एकच समजली जात असली, तरी त्यांची कुळे वेगळी आहेत.

वॉरंटी ही विक्रीच्या कायद्यातील. वस्तुविक्री अधिनियम, १९३० हा १८९३ च्या इंग्लिश कायद्यावर बेतलेला असून त्याचे कलम १२ ‘शर्त’ आणि ‘हमी’, म्हणजेच वॉरंटी, असा भेद करते. शर्त मोडल्यास खरेदीदार माल नाकारू शकतो. हमी मोडल्यास त्याला फक्त भरपाई मागता येते. यंत्र एकदा स्वीकारले, की अविभाज्य करारात शर्तीचा भंगही कलम १३ नुसार हमीचा भंगच धरला जातो, आणि वाजवी मुदतीत हरकत न घेता यंत्र ठेवून घेणे हाही कलम ४२ नुसार स्वीकारच असतो. म्हणून चाचणी यशस्वी झाल्यावरच स्वीकृती, असे करारात लिहून घेणे इष्ट.

दोष दायित्व कालावधी मात्र बांधकामाच्या कंत्राटांतून आलेला असून, उभारणीसह पुरवठ्याच्या करारांमार्फत तो यंत्रखरेदीत रुळला असावा. मुदत संपताच पुरवठादार पूर्ण मोकळा होतो, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार ही मुदत केवळ दुरुस्तीचा जादा हक्क देते. भरपाईचा मूळ हक्क त्यामुळे बुडत नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने पिअर्स अँड हाय वि. बॅक्स्टर (१९९९) या बांधकामाच्या खटल्यात दुसरे मत उचलून धरले आणि तेच अधिक सयुक्तिक दिसते. मात्र त्याच निर्णयाप्रमाणे, न कळवता बाहेरच्याकडून दुरुस्ती केल्यास मूळ कंत्राटदाराला जेवढा खर्च आला असता तेवढाच साधारणतः वसूल होतो. शिवाय वस्तुविक्री अधिनियमाच्या कलम ६२ मुळे करारात न लिहिताही कायद्याने मिळणारे गर्भित हक्क करारानेच वगळता येतात. छापील अटींत मागल्या पानावर ते बऱ्याचदा वगळलेलेही असतात.

खरा वाद मुदत किती यापेक्षा ती कधी सुरू होते यावर होतो. ‘कमिशनिंगपासून १२ महिने किंवा डिस्पॅचपासून १८ महिने, यांपैकी जे आधी संपेल ते’ असे प्रचलित कलम आहे. समजा, इंजेक्शन मोल्डिंग मशीन १० जानेवारी २०२३ रोजी निघाले, पण वाढीव वीजभार मिळायला वेळ लागल्याने ५ ऑक्टोबर २०२३ रोजी कमिशन झाले. पहिल्या हिशेबाने मुदत ४ ऑक्टोबर २०२४ पर्यंत जाते, दुसऱ्याने ९ जुलै २०२४ लाच संपते. कारखानदाराच्या हाती नऊ महिन्यांहून थोडी अधिक वॉरंटी उरते. डिस्पॅच व कमिशनिंग यांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडले, की प्रत्येक जादा दिवस वॉरंटीतूनच जातो. शेड किंवा वीज तयार नसेल, तर डिस्पॅचच पुढे ढकलणे हा यावरचा साधा उपाय होय.

याच मशीनचा हायड्रॉलिक पंप जूनमध्ये बदलला आणि नवा पंप ऑगस्टमध्ये बिघडला, तर? करार गप्प असल्यास पुरवठादार ९ जुलैकडे बोट दाखवतो. बदललेल्या भागाला बदलाच्या तारखेपासून नवी मुदत, आणि मशीन बंद राहिलेल्या दिवसांची भर, ही दोन वाक्ये ऑर्डरमध्ये असल्यास प्रश्न उरत नाही. सील, फिल्टर, हीटर बँड यांना ‘कंझ्युमेबल’ म्हणून वगळले जाते. दूषित तेल किंवा कमी-जास्त होणारा व्होल्टेज हे नकाराचे नेहमीचे कारण असते. त्यामुळे तेलबदलाच्या नोंदी ठेवाव्या लागतात. फोनवरची तक्रार पुराव्यात टिकणे अवघड. याहून घातक म्हणजे सर्व्हिस रिपोर्टवरील ‘मशीन चालू करून दिले, काम समाधानकारक’ या शेऱ्याखाली ऑपरेटरने घाईत केलेली सही.

पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असल्यास २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमही पाहावा लागतो. डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास डिलिव्हरीचाच दिवस स्वीकृतीचा मानून देयकाची मुदत मोजली जाते.

दाद कोठे मागावी, हा स्वतंत्र वाद आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स वि. पी.एस.जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट (१९९५) या सीएनसी यंत्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खरेदी व्यापारी हेतूची ठरवून ग्राहक कायद्याचे दार बंद केले. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यासाठीचा अपवाद त्यात मान्य असून तो २०१९ च्या अधिनियमातही आहे. वॉरंटी काळातील सेवेतील त्रुटीपुरता व्यापारी हेतूचा खरेदीदारही ग्राहक ठरतो, अशी भूमिका राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या काही निर्णयांत दिसते. इतरांना दिवाणी न्यायालय किंवा लवाद हाच मार्ग असून, करारभंगाच्या दाव्याची सर्वसाधारण मुदत ३ वर्षे आहे. ही मुदत करारानेच कमी करणारे कलम करार अधिनियमाच्या कलम २८ नुसार शून्य ठरते.