"भाऊ, एवढं एकच बटण टाकून द्या" : दोन आठवड्यांचं काम आमच्याकडं कसं चालते

आमच्याकडं ॲप बनवून घेणाऱ्या जवळपास सगळ्यांचा बुधवारी-गुरुवारी एक फोन येतेच, की कामाच्या बोर्डावर नाही पण एवढं एक बटण टाकून द्या ना, आणि आम्ही नाही म्हटलं की लोकांले वाटते हे पोरं आळशी आहेत. म्हणून हा कागद.

बोर्ड तुम्ही पाहिलेलाच आहे, लिंक सगळ्यांकडं आहे. एक काम म्हणजे एक कार्ड. डावीकडं "यादी", मग "या खेपेले", "चालू", "तपासणी", "झालं". एक खेप म्हणजे स्प्रिंट, सोमवारपासून पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत, कामाचे 10 दिवस. कोड लिहिणारे आम्ही दोघं, तिसरी ताई तपासणी पाहते. दोघांचे 20 दिवस होतात पण कार्डं आम्ही 14 दिवसांचेच घेतो. 3 दिवस चालू ॲपच्या अचानक बिघाडासाठी राखून, आणि 3 प्लॅनिंग, डेमो, तपासणीत सापडलेल्या चुका आणि लाईन जाणं यात जातात. आधी आम्ही 20 चे 20 भरत होतो, एकदाही पुरं झालं नाही.

आता त्या बटणाचं सांगतो. एका कृषी केंद्रवाल्या भाऊंची खेप होती, तीन कार्डं: गाववार उधारीची यादी 5 दिवस, व्हॉट्सॲपवर पावती 4, माल संपत आला की सूचना 5. तिसऱ्या दिवशी भाऊंचा फोन, बिलात सूट द्यायचं बटण पाहिजे, गिऱ्हाईक समोर उभं आहे. आम्हीच हो म्हटलं, चूक आमचीच. वाटलं 2 दिवसांचं काम. उधारीची यादी अर्ध्यात सोडून एकजण त्याच्यावर बसला.

मग समजलं की एकाच बिलात बियाणं, खत, फवारणीचं औषध असते, बियाण्याले जीएसटी नाही, बाकी दोघांचा दर वेगवेगळा. बियाणं 2000 चं, खत 1000 चं, औषध 1000 चं आणि सूट 100 रुपये दिली तर ती 50, 25, 25 अशी वाटूनच प्रत्येकाचा टॅक्स काढावा लागते, नुसते खालून 100 वजा केले तर टॅक्स जुन्याच रकमेवर राहते. वरून माल परत आला तर सुटीतला किती वापस करायचा, अन् उधारीत कोणती रक्कम चढवायची. 2 चे 6 दिवस झाले, दुसरा मदतीले गेला, शुक्रवारी डेमोत फक्त पावती दाखवली. उधारीची यादी अर्धी, सूट तपासणीत अडकलेली, सूचनेच्या कार्डाले हातच नाही लागला. म्हणजे 14 पैकी 4 दिवसांचं काम हाती, आणि भाऊ आमच्यावरच नाराज! आठवड्यानं ती अर्धी यादी पुन्हा उघडली तर कुठं काय सोडलं होतं हे आठवायलेच अर्धा दिवस गेला, तो खर्च बोर्डावर कुठं दिसत नाही.

तेव्हापासून "चालू" मध्ये माणशी एकच कार्ड, ते "तपासणी" त गेल्याशिवाय दुसरं नाही. एखादं कार्ड अंदाजापेक्षा दोन दिवस जास्त तिथंच बसलेलं दिसलं तर बिनधास्त फोन करा, कुठंतरी अडलं आहे असं समजा. आणि अर्धं झालेलं कार्ड आम्ही "झालं" मध्ये धरत नाही, 90 टक्के झालं असलं तरी नाही, ते यादीत वापस जाते आणि त्याचं बिलही लागत नाही.

याचा अर्थ मधात काहीच चालत नाही असा नाही. ॲप उघडत नाही, पैशाचा हिशोब चुकून राहिला, नोंदी गायब झाल्या, तर त्याच घडीले फोन करा, ते 3 दिवस त्याच्यासाठीच ठेवले आहेत. नवीन गोष्ट फारच अडली असंल तर "या खेपेले" मधलं, हात न लागलेलं, तेवढ्याच दिवसांचं कार्ड बाहेर काढा, कोणतं ते तुम्ही सांगा. चालू असलेलं काढता येत नाही. भाऊंचं सूट द्यायच्या बटणाचं काम आज आलं असतं तर दोन तुकडे केले असते, आधी एकेका वस्तूवर सूट, ते सोपं आहे, अख्ख्या बिलावरची पुढच्या खेपेले.

बाकी यादीत काहीही, कितीही, कधीही टाका. फक्त "रिपोर्ट पाहिजे" असं नका लिहू, कोण वापरंल आणि काय दिसलं की झालं म्हणायचं हे दोन ओळीत लिहा. नवीन लोकांसोबत आम्ही आधी एकच खेप करतो, पटलं तर पुढं.

सोमवारी 11 वाजता प्लॅनिंग असते. रविवारी संध्याकाळपर्यंत वरचे पाच कार्ड क्रमानं लावून ठेवा, एक नंबरवर एकच, दोन नाही. नाही लावले तर आम्ही आमच्या मनानं लावतो, मग म्हणू नका.